कडू बदामाचा हिशेब

भायखळ्यात 'बदाम' म्हणून ओळखली जाणारी झाडं हवी तेवढी आहेत आणि खऱ्या बदामाचं झाड एकही नाही. राणीच्या बागेच्या आसपास, जुन्या कॉलन्यांच्या आवारात, माझगावकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जी आडव्या फांद्यांची, पानं गळण्याआधी लालभडक होणारी झाडं दिसतात, त्यांना आपण बिनदिक्कत बदाम म्हणतो. शाळकरी पोरं त्यांची फळं दगडाने फोडून आतला बारीकसा गर खातात. पण हे झाड हिरडा, बेहडा, अर्जुन यांच्या गोतातलं. डब्यातल्या बदामाशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. खरा बदाम गुलाबाच्या कुळातला; जर्दाळू, पीच, आलुबुखार आणि चेरी हे त्याचे सख्खे भाऊबंद. फुलायला त्याला कडक थंडी लागते आणि मुंबईची हवा ती कधीच देणार नाही. म्हणजे भायखळ्यातल्या वाण्याच्या बरणीतला प्रत्येक बदाम बाहेरून आलेला असतो. बहुतेक कॅलिफोर्नियातून, थोडा इराण-अफगाणिस्तानातून 'मामरा' किंवा 'गुरबंदी' या नावाने, आणि थोडा काश्मीरमधून.

हे आधी सांगायचं कारण असं, की कडू बदामाबद्दलच्या अर्ध्या भीतीचं उत्तर तो कुठल्या झाडावरून आला यातच आहे. दिवाळीच्या तोंडावर बदाम किलोने घरात येतो आणि मूठभर खाताना एखादा असा निघतो की तोंड वाकडं होतं. मग घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "टाक, टाक! कडू बदामात सायनाइड असतं." दुसरं कोणीतरी हसतं. या दोघांत पहिल्याचं म्हणणं खऱ्याच्या जास्त जवळ आहे, पण पुरतं खरं तेही नाही.

अख्ख्या कडू बदामात सायनाइड मोकळं नसतंच म्हटलं तरी चालेल. त्यात असतो अमिग्डालिन नावाचा पदार्थ. रोबिके आणि बूत्रों-शार्लार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तो १८३० मध्ये कडू बदामातून वेगळा काढला. साखरेचे दोन रेणू आणि त्यांना जोडलेला एक तुकडा, अशी त्याची रचना. त्या तुकड्यात हायड्रोजन सायनाइड बांधून ठेवलेलं असतं आणि बांधलेलं असेपर्यंत ते स्वस्थ असतं. त्याच बदामात ते सोडवणारी एन्झाइम्सही असतात, पण वेगळ्या जागी. काडी आणि काडेपेटी एकाच खिशात असावीत आणि एकमेकांवर घासली जाऊ नयेत, तसा हा प्रकार. दाताखाली बदाम फुटला, पेशी चिरडल्या, लाळेचं पाणी मिळालं की दोन्ही एकत्र येतात. आधी साखर सुटते आणि मग उरलेल्या तुकड्याचे दोन भाग होतात: एक बेन्झाल्डिहाइड आणि दुसरा हायड्रोजन सायनाइड. लीबिग आणि व्होलर या जर्मन जोडीने हे विघटन १८३७ मध्येच नीट मांडलं होतं. झाडाच्या बाजूने पाहिलं तर हा बंदोबस्त चोख आहे. बी नुसती पडून राहिली तर काही होत नाही, पण चावणाऱ्याला लगेच शिक्षा मिळते.

यातलं बेन्झाल्डिहाइड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. बदाम इसेन्स घातलेलं बिस्किट किंवा आइस्क्रीम नाकाजवळ नेलं की जो 'बदामाचा' वास येतो, तो बेन्झाल्डिहाइडचा. गंमत अशी की आपण रोज खातो त्या गोड बदामाला हा वास जवळजवळ नसतोच. घरचे बदाम वाटून केलेल्या दुधाला तो येत नाही म्हणून नव्या पिढीला ते दूध फिकं वाटतं. बाटलीतला इसेन्स बहुतेक वेळा कारखान्यात तयार झालेला असतो. पूर्वी तो कडू बदामाचं तेल ऊर्ध्वपातनाने काढून करत आणि त्यातलं सायनाइड वेगळं काढून टाकावं लागे. आज विकत मिळणाऱ्या इसेन्समध्ये ती भीती नाही. वास तेवढा कडू बदामाचा.

सायनाइडला कडू बदामाचा वास येतो, हे रहस्यकथांनी घरोघरी पोचवलं. त्यातही थोडी गफलत आहे. बदाम चावल्यावर दरवळतं ते मुख्यतः बेन्झाल्डिहाइड. हायड्रोजन सायनाइडचा वास त्याच्यासारखा पण मंद असतो, आणि पुष्कळ लोकांना जन्मतःच तो येत नाही. म्हणून शवविच्छेदनाच्या टेबलापाशी नाकावर भरवसा ठेवत नाहीत.

आणि या टेबलाचा विषय निघाला की भायखळ्याला बाजूला ठेवता येत नाही. जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज इथे १८४५ पासून आहेत. आय. बी. लायन हे या कॉलेजात रसायनशास्त्र आणि न्यायवैद्यक शिकवत आणि त्याच वेळी मुंबई सरकारचे केमिकल अॅनलायझर म्हणून काम करत. हिंदुस्थानातल्या न्यायवैद्यकावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक १८८० च्या दशकाच्या अखेरीस निघालं आणि पुढे कित्येक वर्षं डॉक्टर-वकिलांच्या कपाटात राहिलं. त्या हुद्द्याची खूण अजून पोलिसांच्या बोलण्यात टिकून आहे. प्रयोगशाळा आता कालिन्याला आहे, पण हवालदार आजही "व्हिसेरा सीएला पाठवलाय, सीए रिपोर्ट यायचाय" असंच म्हणतो.

सायनाइड ओळखण्याची त्या काळातली रीत मूळ तत्त्वात अजून बदललेली नाही. हायड्रोजन सायनाइड सव्वीस अंशांनाच उकळतं, म्हणजे मुंबईच्या उन्हाळ्यात ते उघड्यावर टिकतच नाही. म्हणून नमुना हवाबंद आणि लवकर यावा लागतो. त्यात आम्ल घालून ऊर्ध्वपातन केलं की जे असेल ते वाफेबरोबर बाहेर येतं. ते अल्कलीत पकडायचं, लोहाचा क्षार घालून गरम करायचं आणि पुन्हा आम्ल घालायचं. सायनाइड असेल तर गडद निळा रंग उतरतो, रंगाऱ्यांचा प्रशियन ब्लू. दुसरी परीक्षा पिवळ्या पिक्रेट कागदाची. चिरडलेला ओला गर बंद नळीत ठेवून वर हा कागद टांगला तर तो विटकरी होत जातो. गोड बदाम घेतला तर तो पिवळाच राहतो. ही परीक्षा घरी करायची नाही, कारण पिक्रिक आम्ल स्वतःच स्फोटक आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न: किती? इथे थोडं गणित करावं लागेल, पण ते वाण्याच्या हिशेबाइतकंच सोपं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये तिथल्या बदामांतलं अमिग्डालिन मोजलं. कडू बदामात ते किलोमागे सरासरी चाळीस ग्रॅम निघालं. गोड बदामात किलोमागे सरासरी ६३ मिलिग्रॅम. ग्रॅम आणि मिलिग्रॅम यांतला फरक लक्षात ठेवला तर अंतर सुमारे सहाशे पटींचं आहे. एक ग्रॅम अमिग्डालिन पूर्ण फुटलं तर त्यातून जास्तीत जास्त ५९ मिलिग्रॅम हायड्रोजन सायनाइड सुटू शकतं. बदामाचा एक दाणा साधारण एक ग्रॅमचा धरू. कडू दाण्यात चाळीस मिलिग्रॅम अमिग्डालिन, म्हणजे त्यातून फार तर २.४ मिलिग्रॅम सायनाइड. गोड दाण्यातून एका मिलिग्रॅमचा सुमारे अडीचशेवा भाग.

हे आकडे कशाच्या शेजारी ठेवून वाचायचे? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये एक मर्यादा घालून दिली: एका वेळी शरीराच्या दर किलो वजनामागे २० मायक्रोग्रॅम सायनाइडपर्यंत काळजी नाही. ही विषबाधेची रेषा नव्हे, तिच्या बरीच अलीकडे मुद्दाम आखलेली सावधगिरीची रेषा आहे. साठ किलोच्या माणसाला ती १.२ मिलिग्रॅमवर येते आणि पंधरा किलोच्या, म्हणजे बालवाडीतल्या मुलाला ०.३ वर. या मुलाने ही रेषा गाठायची तर गोड बदाम एका बैठकीत ऐंशीच्या आसपास खावे लागतील आणि मोठ्या माणसाने तीनशेच्या वर. पोट त्याच्या कितीतरी आधी नाही म्हणेल. उलट एक पूर्ण कडू दाणा त्या मुलाला रेषेच्या आठपट पुढे नेऊ शकतो, आणि दोन-चार दाण्यांत प्रकरण खरोखर गंभीर होऊ शकतं. हा वरच्या टोकाचा हिशेब आहे. प्रत्येक दाण्यात अमिग्डालिन सारखं नसतं आणि सगळं फुटतंच असंही नाही. पण लहान मुलाच्या बाबतीत हिशेब वरच्या टोकानेच करावा.

कोजागरीचं दूध घ्या. समजा, आठ जणांसाठी पंचवीस बदाम भिजवून वाटले आणि त्यात एक कडू होता. वाटताना पाणी आणि एन्झाइम दोन्ही मिळाल्यामुळे त्यातलं सायनाइड सुटायला लागतं, आणि पुढे उघड्या पातेल्यात दूध उकळताना बरंचसं उडून जातं. ते काहीच उडालं नाही असं धरलं तरी माणशी ०.३ मिलिग्रॅम येतं, मोठ्यांच्या मर्यादेच्या पावपट. बालवाडीतल्या मुलाच्या मात्र ते बरोबर रेषेवर बसतं. दूध मात्र कडवटलेलं असतं, आणि बऱ्याचदा तोच त्याचा खरा तोटा.

एक कडू दाणा मोठ्या माणसाला का बाधत नाही, याचं उत्तर यकृतात आहे. तिथलं एक एन्झाइम सायनाइडला गंधकाची जोड देऊन थायोसायनेट बनवतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. साबुदाण्याचा कंद, जवस, बांबूचे कोंब या सगळ्यांकडे सायनाइड बांधून ठेवणारे असेच पदार्थ असतात. पावसाळ्यात बांबूचे कोंब उकळून पाणी टाकून देणाऱ्या बायका तेच काम चुलीवर करत आल्या आहेत. शरीराची ही यंत्रणा चांगली आहे पण संथ आहे. आलेलं सायनाइड तिच्या वेगाला भारी पडलं की ते पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पेशी मात्र गुदमरतात. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, धाप, मग झटके आणि शुद्ध हरपणं असा क्रम दिसतो. काही वेळा हे लगेच न होता तास-दोन तासांनी सुरू होतं, कारण न फुटलेलं अमिग्डालिन आतड्यात पोचतं आणि तिथले जिवाणू ते फोडतात. याच कारणाने कडू बदाम भाजून बिनधोक होतो, हे खरं नाही. भाजल्याने बदामातली एन्झाइम्स मरतात, पण अमिग्डालिन बरंचसं तसंच राहतं. रात्रभर भिजवून साल काढल्यानेही नाही, कारण ते गरातच असतं.

मग दुकानातला बदाम गोड आणि निर्धोक का? पुष्कळांना वाटतं की कारखान्यात काही प्रक्रिया करून सायनाइड काढून टाकतात. कॅलिफोर्नियात २००७ पासून अमेरिकेतल्या विक्रीसाठीचे बदाम पाश्चराइझ करणं सक्तीचं झालं, त्यावरून हा समज आणखी पसरला. ती सक्ती साल्मोनेला जिवाणूसाठी आहे. सायनाइडशी तिचा संबंध नाही. गोड बदामात काढून टाकण्याजोगं काही नसतंच, कारण झाड ते जवळजवळ बनवतच नाही.

रानटी बदाम कडू असतो. हजारो वर्षांपूर्वी पश्चिम आशियात कधीतरी एका झाडात बदल झाला आणि माणसाने तो ओळखून जपला. तो बदल नेमका काय, हे २०१९ मध्ये समजलं. स्पेनमधल्या मुर्सियाच्या रॅकेल सांचेस-पेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की अमिग्डालिन बनवण्याच्या कामातली पहिली दोन जनुकं चालू करणारं एक वेगळंच जनुक असतं. त्या जनुकात एका अक्षराएवढा फेर झाला की ही दोन जनुकं चालू होत नाहीत, आणि बी गोड होते. शिवाय गोडपणा प्रभावी असतो. आई-बापांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक जरी बदललेली असली तरी झाड गोड.

बागाईतदाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बी कडू होणार की गोड, हे ती ज्या झाडावर लागते ते झाड ठरवतं. परागकण कुठून आला याला इथे किंमत नाही. कडूपणाचा कच्चा माल आईच्या ऊतींत तयार होऊन बीत उतरतो. म्हणून एका झाडावरचे सगळे बदाम एकाच गोत्राचे, सगळे गोड किंवा सगळे कडू. शेजारी कडू बदामाचं झाड असलं आणि मधमाश्यांनी त्याचे पराग आणले, तरी गोड झाडाचं त्या वर्षीचं पीक बिघडत नाही.

बिघडतं ते बी पेरली तर. गोड झाडात कडूपणाची प्रत लपलेली असू शकते. अशी दोन झाडं एकत्र आली तर त्यांच्या बियांपासून उगवलेल्या रोपांपैकी सरासरी चारातलं एक कडू निघतं, आणि ते कळतं काही वर्षांनी, झाड फळायला लागल्यावर. म्हणून कॅलिफोर्नियातल्या बागा बियांपासून करत नाहीत. 'नॉनपॅरेल'सारख्या ठरलेल्या जातीचा डोळा पीचसारख्या खुंटावर भरतात, कोकणात हापूसचं कलम करतात त्याच न्यायाने. त्या जातीचं प्रत्येक झाड म्हणजे मूळच्या एकाच गोड झाडाची प्रत. तिथे कडू दाणा येणं म्हणजे अपघातच. अफगाणिस्तानातल्या आणि काश्मीरच्या जुन्या बागांत मात्र बियांपासून वाढलेली झाडं पुष्कळ आहेत. त्यांचा माल एकत्र गोळा होतो आणि त्यात एखाद्या कडू झाडाची टोपली मिसळते. बारीक, तेलकट गुरबंदीत कडू दाणा जास्त वेळा सापडतो तो यामुळे. त्यात व्यापाऱ्याची लबाडी नसते. सोललेला दाणा नुसता पाहून कडू की गोड हे त्यालाही खात्रीने सांगता येत नाही.

जिभेला मात्र कळतं, फक्त दोन कडूपणांत गल्लत करू नये. जुना, उन्हात राहिलेला बदाम खवट होतो. त्याचं तेल बिघडलेलं असतं आणि त्याला जुन्या खोबऱ्याचा, रंगाच्या डब्याचा वास येतो. ते वाईट आहे, पण सायनाइड नव्हे. खरा कडू बदाम ताजा, कुरकुरीत असतो. पहिल्या दोन चावांत काहीच वाटत नाही, मग औषधासारखा कडूपणा चढतो आणि त्याच्याबरोबर नाकात इसेन्सचा ठसठशीत वास येतो. बदाम खवट असले तर सहसा सगळी पिशवीच खवट असते. कडू दाणा शंभरात एकटा असतो.

माझ्या मते आज काळजी करायची ती बदामाची नाही, जर्दाळूच्या बीची आहे. भायखळ्यात रुस्तम बाग, जेर बाग या पारशी वसाहती आहेत आणि पारशी स्वयंपाकात जर्दाळू घालून मटण होतं. सुका जर्दाळू आठळीसकट आला की आठळी फोडून आतला 'बदाम' खाणं हे पोरांचं आवडतं काम, आपल्या घरांतही. काही जातींत हा गर गोड असतो, काहींत पक्का कडू, आणि त्यात तेच अमिग्डालिन. युरोपच्या त्याच संस्थेच्या हिशेबाने लहान आकाराचे तीनहून जास्त कच्चे गर मोठ्या माणसालाही मर्यादेपलीकडे नेऊ शकतात. लहानग्यांसाठी एकसुद्धा मर्यादा ओलांडणारा ठरू शकतो. आणि हा कडू गर आता कर्करोगावरचं औषध म्हणून, 'बी-सतरा जीवनसत्त्व' या नावाने विकला जातो. असं कुठलंही जीवनसत्त्व नाही. अमिग्डालिनचाच हा नवा मुखवटा आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने १७८ कर्करुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कोणालाही ठोस फायदा झाला नाही, आणि काही रुग्णांच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचलं होतं.

तेव्हा दिवाळीचे बदाम निर्धास्त खा. कडू लागला तर गिळू नका, थुंकून चूळ भरा. मोठ्या माणसाने एखादा गिळलाच तर घाबरण्याचं कारण नाही. मुलांना पूड करून देत असाल तर आधी त्यातली चिमूटभर स्वतः चाखा. मुलाने कडू बदाम किंवा जर्दाळूचे कडू गर खाल्ले असतील, एखाददुसरा का असेना, तर त्रास सुरू व्हायची वाट पाहू नका, घरगुती उपायांत वेळ घालवू नका. उरलेला माल पिशवीसकट बरोबर घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना 'कडू बदाम' किंवा 'जर्दाळूची बी' असं स्पष्ट सांगा. सायनाइडवर उतारा आहे, आणि तो वेळेत दिला तर काम करतो.